रात्रपाळी, मोबाइल आणि सकाळची झोप

"मॅडम, माझे मिस्टर महापेला कायम नाइटला असतात. गेले काही महिने ते रात्रीच्या शहराचे छोटे छोटे व्हिडिओ टाकतात आणि आता बरेच लोक ते बघतात. पण सकाळी घरी आले की झोपायचं सोडून मोबाइल घेऊन बसतात. दुपारी उठले की आधी तेच. काही बोललं की चिडतात. मुलगा म्हणतो, पप्पांना व्यसन लागलंय. मोबाइल काढून घेऊ का? हे बंद करा म्हणून कसं सांगू?"

ताई, मोबाइल काढून घेऊ नका. व्हिडिओ बंद करा असंही इतक्यात सांगू नका. तुमच्यासारख्याच एका जोडप्याबरोबर मी काम केलं होतं. त्यांची ओळख पटेल असे तपशील बदलून ती हकिगत सांगते.

गृहस्थ चाळिशीतले, राहायला ठाण्यात लोकमान्य नगरला. तुर्भ्याच्या एका शीतगृहात ऑपरेटर. पाळी रात्री दहा ते सकाळी सहा, तीही कायमची. काम एकट्याचं. दर तासाला कॉम्प्रेसरचं प्रेशर आणि खोल्यांचं तापमान बघायचं, लॉगबुकात लिहायचं, काही हललं तर दुरुस्त करायचं. अनेक वर्षं हेच चाललं होतं. घर जागं असताना हे झोपलेले आणि हे जागे असताना घर झोपलेलं. लग्नकार्याला गेले तरी कोपऱ्यात पेंगत बसायचे. नातेवाईक हळूहळू त्यांना बोलवायचेच थांबले.

व्हिडिओ सुरू झाले ते चहाच्या सुट्टीत. गेटबाहेर सायकलवर चहा विकणारा यायचा, त्याच्या किटलीची वाफ त्यांनी टिपली. मग एपीएमसीच्या भाजी मार्केटला पोचणारे ट्रक, कोथिंबिरीच्या जुड्या उतरवणारे माथाडी, तुर्भ्याच्या फलाटावर पहाटेच्या गाडीची वाट बघत डबा मांडीवर घेऊन बसलेल्या बायका. ना संगीत, ना निवेदन. तीस-चाळीस सेकंद आणि जागेवरचा खरा आवाज. समोर माणूस दिसत असेल तर आधी त्याला विचारायचे, हे मला फार आवडलं होतं.

एका रात्री एक ड्रायव्हर ट्रकच्या आडोशाला स्टोव्ह पेटवून पिठलं हलवत होता. तो व्हिडिओ लाखोंनी बघितला. खाली लोकांनी लिहिलं, माझे वडीलही असेच जेवायचे. रुग्णालयातल्या परिचारिका लिहायला लागल्या, टोल नाक्यावरची माणसं लिहायला लागली, आम्हीही आत्ता जागेच आहोत म्हणून. ज्या माणसाला रात्री बोलायला कुणी नव्हतं, त्याला रात्रीचा शेजार मिळाला.

म्हणूनच त्यांच्या पत्नी "हे बंद करायला लावा" म्हणाल्या तेव्हा मी तयार झाले नाही. कायमच्या रात्रपाळीत थकव्याइतकाच तुटलेपणा माणसाला खातो, आणि इथे तो तुटलेपणा कमी होत होता. तो आधार काढून घेऊन बदल्यात आपण काय देणार होतो?

तरीही घरात जे चाललं होतं ते ठीक नव्हतं. चिडचिड होती, मुलीवर ओरडणं होतं, आणि एकदा ते कॉम्प्रेसरजवळ उभ्या उभ्या डुलकी घेताना सापडले होते. नेमकं कुठे बिनसतंय हे बघायला मी त्यांना वही घालायला सांगितली. पलंगावर किती वाजता टेकलात, अंदाजे झोप कधी लागली, जाग कधी आली, आणि झोपायच्या वेळात मोबाइल कितीदा बघितला. रोज चारच नोंदी. लॉगबुक भरणारा माणूस, त्याने ते चोख केलं.

दोन आठवड्यांची वही समोर ठेवली तेव्हा उत्तर त्यांनाच दिसलं. सव्वासातला घरी, साडेसातला व्हिडिओ टाकायचा, कारण त्या वेळी लोक लोकलमध्ये असतात आणि बघतात. मग पहिला तासभर आकडा कसा चढतोय ते बघत बसायचं. झोप लागायला दहा वाजायचे. एक वाजता जाग, पुन्हा आकडा. त्यानंतर डोळा लागला तर लागला. झोप कशीबशी चार तासांच्या आसपास.

इथे झोपेचं थोडं शास्त्र समजून घ्यायला हवं, कारण तुमच्या मिस्टरांचं दुखणंही बहुधा इथेच आहे. आपल्याला झोप लागते ती दोन गोष्टी जुळून आल्यावर. एक म्हणजे जागरणाने साठत गेलेली झोपेची ओढ. दुसरी म्हणजे शरीराचं आतलं घड्याळ. रात्रभर जागलेल्या माणसाची ओढ सकाळी भरपूर असते, पण घड्याळ उलटीकडे चाललेलं असतं. शरीराचं तापमान पहाटे सर्वांत खाली जातं आणि मग चढू लागतं. जसजसं ऊन वर येतं तसतसं शरीर जागं व्हायला बघतं. त्यामुळे रात्रपाळीवाल्याला घरी आल्यावर झोपेसाठी जी सोयीची वेळ मिळते ती आखूड असते. आठला पडलेल्या माणसाला पाच-सहा तास मिळू शकतात. तोच दहाला पडला तर थकवा जास्त असूनही झोप तुटक आणि उथळ होते. सकाळचे दोन तास गेले की ते दुपारी तसेच्या तसे भरून निघत नाहीत.

दुसरी गोष्ट त्या आकड्याची. कधी व्हिडिओ उचलला जातो, कधी पडून राहतो, आणि कोणता उचलला जाईल ते आधी कळत नाही. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग केले होते. ठरावीक टोचींनंतर दाणा मिळाला तर कबुतर दाणा टिपून थोडं थांबतं. दाणा केव्हा मिळेल याचा नेमच नसेल तर ते न थांबता टोचत राहतं, आणि दाणे बंद झाले तरी लवकर सोडत नाही. अनिश्चित बक्षीस माणसालाही असंच धरून ठेवतं. स्वभाव कमकुवत असण्याचा इथे संबंध नाही, आणि व्यसन हा शब्द तर घरात अजिबात वापरू नये असं मला वाटतं. तो शब्द ऐकला की माणूस लपवायला लागतो. या बाई दर थोड्या वेळाने दार लोटून "झोपलात का?" बघायच्या. परिणाम असा झाला की ते मोबाइल घेऊन बाथरूममध्ये जायला लागले.

आम्ही बदल मोजकेच केले. व्हिडिओ टाकायची वेळ सकाळवरून रात्री कामावर जातानाची केली. ठाण्याहून तुर्भ्याची ट्रान्सहार्बर गाडी पकडली की टाकायचा, आणि उतरेपर्यंत मनसोक्त बघायचं, उत्तरं द्यायची. ती वेळ तशीही रिकामी, आणि गाडीतून उतरलं की काम सुरू, म्हणून शेवट आपोआप ठरलेला. सकाळी मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला आणि उशाशी साधं गजराचं घड्याळ. सूचनांचे आवाज बंद. हे त्यांनी स्वतःच्या हाताने करायचं, बायकोने मोबाइल ताब्यात घ्यायचा नाही, हे मी दोघांनाही बजावलं होतं.

दोन गोष्टी त्यांना जड गेल्या. पहिली सकाळचं चित्रीकरण. पाळी सुटली की ते ठाण्याला उतरून जांभळी नाक्याची फुलं, मासुंदा तलावाचा काठ असं फिरत घरी जायचे. पण ते सकाळचं ऊन डोळ्यांवर पडलं की घड्याळाला दिवस उजाडल्याची पक्की खबर मिळते आणि झोप आणखी लांबते. शेवटी फुलबाजार फक्त साप्ताहिक सुट्टीच्या सकाळी, असं ठरलं. एरवी टोपी घालून, सावलीतून थेट घर. दुसरी गोष्ट पहाटे साडेचारचा चहा. चहा-कॉफीतल्या कॅफीनचा निम्मा भाग पाच-सहा तासांनंतरही अंगात असू शकतो. सायकलवाल्याशी गप्पा मारायच्या, पण चहा रात्री दोनच्या आत, असं त्यांनी कबूल केलं, आणि बरेच दिवस पाळलं नाही. वहीत ते दिवस लगेच ओळखू यायचे.

पहिल्या आठवड्यात बघणारे घटले. ते फार अस्वस्थ झाले आणि पुन्हा सकाळी टाकू का म्हणून विचारायला आले. मी म्हटलं, महिनाभर थांबू, मग वही आणि आकडे दोन्ही शेजारी ठेवून बघू. महिन्याने बघणारे बऱ्यापैकी परतले होते, पूर्वीइतके मात्र नाहीत. झोप सकाळी साडेपाच तासांपर्यंत गेली होती आणि संध्याकाळी, जायच्या आधी, तासाभराची आणखी एक. मुलीवर ओरडणं कमी झालं हे मला मुलीनेच सांगितलं.

पत्नीची तक्रार मात्र झोपेने सुटणारी नव्हती. त्यांना विचारलं, तुम्हाला स्वतःसाठी काय हवंय? त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "दुपारचं जेवण तरी माझ्याशी बोलत जेवावं." दुपारी दोनला दोघांची ताटं, मोबाइल तिथे नाही. एवढंच ठरलं.

मधे नोकरी सोडायचा विषयही निघाला होता. तेव्हा नियम काढून बघितले. यूट्यूबच्या छोट्या व्हिडिओंवर जाहिरातींच्या पैशातला वाटा हवा असेल तर 1,000 सदस्य आणि 90 दिवसांत 1 कोटी व्ह्यूज अशी अट त्यांच्यासमोर होती, आणि ती पार केल्यावरही दर महिन्याला ठरलेली रक्कम मिळेलच असं नाही. हप्ते डोक्यावर असलेल्या माणसाला हे वाचून पुरलं, मला काही बोलावं लागलं नाही.

तर ताई, आज घरी बोलायचं झालं तर व्हिडिओपासून सुरुवात करू नका. आधी त्यांचे दोन-तीन व्हिडिओ त्यांच्या शेजारी बसून बघा. मग एवढंच विचारा की टाकायची वेळ सकाळऐवजी कामावर जातानाची केली तर चालेल का. दोन आठवडे त्यांनाच वही घालू द्या, तुम्ही ती तपासू नका. ते महापेहून दुचाकीने येत असतील तर झोप सुधारेपर्यंत कंपनीची बस किंवा रिक्षा बघा. हे मात्र टाळू नका, रात्रभर जागून गाडी चालवताना क्षणभराची डुलकी लागलेली कळतही नाही.

आणि वेळ बदलून, मोबाइल दूर ठेवूनही ते दिवसभर पेंगतच राहिले, झोपेत मोठ्याने घोरून मधेच श्वास अडकल्यासारखं होत असेल, किंवा आवडीच्या व्हिडिओंतही मन लागेनासं झालं, तर ते माझ्या एकटीच्या कक्षेतलं नाही. आधी डॉक्टरांना दाखवा आणि जाताना ती वही बरोबर न्या.