हिस्टोग्राममध्ये सगळं रेषेखाली, तरी सुतार कमी का पडतात?

प्रश्न: शेड्युलमध्ये रिसोर्स लोड केलेत, हिस्टोग्राममध्ये एकही बार उपलब्धतेच्या रेषेवर जात नाही. तरी साइटवर दर आठवड्याला माणसं कमी पडतात. आरबीएस आणि हिस्टोग्राम एकत्र कसे वाचायचे?

उत्तर: तुम्ही बहुतेक आरबीएसच्या वरच्या पायरीचा आणि आठवड्याचा बार बघताय. ओव्हरलोड या दोन्ही ठिकाणी लपतो. माझ्या बाबतीत फोंड्याच्या एका साइटवर नेमकं हेच झालं होतं, तेच आकड्यांसह सांगतो.

दोन इमारती शेजारी शेजारी चालू होत्या. आरबीएसमध्ये ‘मजूर’ या फांदीखाली तीन पानं होती: शटरिंगचे सुतार 8, फिटर 6 आणि हेल्पर 10. म्हणजे एकूण 24 माणसं. पहिल्या इमारतीच्या स्लॅबचं शटरिंग सोमवार ते गुरुवार, दुसरीचं बुधवार ते शनिवार, आणि दोन्हीकडं रोज सहा-सहा सुतार लावलेले. मी ‘मजूर’ या पायरीवरचा हिस्टोग्राम उघडला. बुधवारचा बार 22 वर होता आणि रेषा 24 वर. मी पुढं गेलो.

बुधवारी सकाळी मुकादमाचा फोन आला, "साहेब, दोन्हीकडं सहा-सहा सुतार मागताय, माझ्याकडं आठच आहेत." त्या 22 मध्ये 12 सुतार, 4 फिटर आणि 6 हेल्पर होते. रिकामे होते ते 2 फिटर आणि 4 हेल्पर, आणि हेल्परच्या हातून बीमचा साचा बसवून घेता येत नाही. बेरीज बरोबर होती, पण एकाची कमतरता दुसऱ्याच्या शिलकीत बुडाली होती. म्हणून ओव्हरलोड शोधताना आरबीएस उलगडत शेवटच्या पानापर्यंत जायचं. एकाच्या जागी दुसरा उभा राहू शकत असेल तेवढ्याच पायरीपर्यंत बेरजेला अर्थ आहे.

आता खरी खोच. पान उघडून सुतारांचाच बार बघितला असता, तरी आठवड्याच्या मापावर मला काही दिसलं नसतं. दोन्ही कामांच्या मिळून 24 अधिक 24, म्हणजे 48 हजेऱ्या लागणार होत्या. आठ सुतार, रविवार सोडून सहा दिवस, म्हणजे हातात हजेऱ्याही 48. बार रेषेला टेकलेला, वर नाही. दिवसाच्या मापावर गेलं की सोमवार-मंगळवारी 6, बुधवार-गुरुवारी 12, शुक्रवार-शनिवारी पुन्हा 6 दिसतात. सोमवारी रिकाम्या बसलेल्या दोन सुतारांची हजेरी बुधवारी वापरता येत नाही, आठवड्याचा बार मात्र तसंच धरून चालतो. आठवड्याचा बार रेषेच्या जवळ, म्हणजे साधारण 80 टक्क्यांच्या वर दिसला की मी तो आठवडा दिवसांत उघडून बघतोच. (हा आकडा माझ्या सवयीचा, नियम नव्हे.) Microsoft Project च्या Resource Graph मध्ये Work ऐवजी Peak Units लावलं, तर आठवड्याच्या मापावरही त्यातला सर्वात जड क्षण दिसतो.

उपाय बारमध्ये नसतो, बारखालच्या कामांत असतो. त्या दोन दिवसांत कोणती कामं आहेत आणि कोणाला फ्लोट आहे हे पाहायचं. पहिली इमारत क्रिटिकल होती, दुसरीला पाच दिवसांचा फ्लोट. दुसरीचं शटरिंग शुक्रवारी सुरू केलं की सुतार रोज सहाच लागतात आणि फ्लोट तीन दिवस उरतो. याचा आणखी एक फायदा मला नंतर दिसला. आधीच्या बेतात पहिलीचं सळईबांधणीचं काम शुक्रवार, शनिवार, सोमवार आणि दुसरीचं सोमवारपासून होतं. दोन्हीकडं चार-चार फिटर, म्हणजे सोमवारी 8 हवेत आणि आहेत 6. शटरिंग सरकल्यावर दुसरीची सळई बुधवारी गेली आणि तोही गुंता सुटला. नेहमी असं नशीब लागत नाही. एक काम सरकवलं की नवा ओव्हरलोड दुसऱ्याच पानावर उगवू शकतो, म्हणून प्रत्येक बदलानंतर सगळी पानं पुन्हा बघा.

दोन गोष्टी आधी तपासा. एकच टोळी कुणी ‘सुतार’ आणि कुणी ‘शटरिंग गँग’ अशी आरबीएसमध्ये दोनदा घातली असेल, तर दोन्ही बार रेषेखाली राहतात आणि माणसं मात्र तीच असतात. दुसरं, उपलब्धतेची रेषा वर्षभर सपाट ठेवू नका. आपल्याकडं चतुर्थीला साइटवर किती माणसं उरतात ते तुम्हाला ठाऊक आहेच. त्या दिवसांत रेषा खाली आणली नाही, तर तिच्याशी केलेली तुलनाच खोटी ठरते. आणि सगळीच कामं क्रिटिकल असतील, कोणालाच फ्लोट नसेल, तर सरकवण्यात वेळ घालवू नका. दोन दिवसांसाठी चार सुतार बाहेरून आणायचे की स्लॅबची तारीख पुढं न्यायची, हे मुकादमाला आधीच्या आठवड्यात विचारा.