आईबाबांना पत्र लिहिताना

सैन्यात का आलास, हे आईबाबांना सांगणाऱ्या पत्राचा तुझा मसुदा वाचला. पहिल्या पानभर कर्तव्य आणि त्यागच आहे, ते सगळं काढ. आईबाबांना वाटतं, आपलं काही चुकलं म्हणून पोरगं दूर गेलं. त्यांच्या मनातल्या या प्रश्नाला आधी उत्तर दे: घर सोडावंसं वाटलं म्हणून मी आलेलो नाही.

मग कारण सांग, पण एका प्रसंगातून. रात्रीच्या कूचमध्ये तुझ्या तुकडीतल्या जवानाच्या पायाला फोड आले, तू त्याचं ओझं उचललंस आणि पहाटे सगळे एकत्र पोचलात, हे तू मला सांगितलं होतंस. तीसजणांची जबाबदारी अंगावर असणं तुला का आवडतं, ते यातून त्यांना कळेल. माझ्या पहिल्या पत्रात असं काहीच नव्हतं. आईने ते वाचून फक्त 'जेवतोस ना?' एवढंच विचारलं.

धोका नाहीच, असं लिहू नकोस. त्यांना ते खोटं लगेच कळतं. भीती वाटते, असं एका ओळीत लिही आणि प्रशिक्षण कसं चालतं ते सांग. तुकडीचं ठिकाण, हालचालीच्या तारखा, संख्या मात्र अजिबात नको. पत्र कुणाच्याही हाती पडू शकतं. सुट्टीची तारीखही देऊ नकोस. ती रद्द झाली की बाबा आठवडाभर दाराकडे बघत बसतील.