फोटो, लग्न, धर्म: रिक्रूटरला काय उत्तर द्यावं?

प्रश्न: कन्सल्टन्सीवाल्या मॅडमनी सीव्हीसोबत फोटो, मॅरिटल स्टेटस आणि धर्म मागितलाय. न दुखावता नाही कसं म्हणू?

उत्तर: "देणार नाही" असं न लिहिता "नंतर देईन" असं लिहा. खासगी नोकरीच्या अर्जात हे विचारूच नये असा सरसकट कायदा आपल्याकडे नाही, त्यामुळे कलमं दाखवून उपयोग नाही. पण वैवाहिक स्थिती लागते ती पीएफच्या फॉर्म ११ मध्ये आणि नॉमिनेशनमध्ये, फोटो लागतो ओळखपत्राला. म्हणजे दोन्ही रुजू होतानाच्या गोष्टी. तोच धागा धरा:

"नमस्कार मॅडम, अपडेटेड सीव्ही जोडला आहे. अनुभव, सध्याचा पगार आणि नोटीस पीरियड त्यात आहे. फोटो आणि वैयक्तिक तपशील निवड झाल्यावर जॉइनिंगच्या कागदपत्रांसोबत देईन. व्हिडिओ कॉलसाठी गुरुवारी किंवा शुक्रवारी चारनंतर मोकळी आहे."

शेवटचं वाक्य गाळू नका, त्याने बोलणं पुन्हा कामावर येतं. धर्माचा वेगळा उल्लेखही करू नका. उगाच वाद कशाला?

बऱ्याचदा त्या बाईंकडे एक्सेलचा जुना साचा असतो, रकाने भरायचे म्हणून विचारतात. अशा वेळी हा मेल पुरतो. पुन्हा मागितलं, तर "क्लायंटला हे कशासाठी हवंय?" एवढंच विचारा. ऑनलाइन फॉर्ममध्ये रकाना सक्तीचा असेल तर Prefer not to say निवडा. तो पर्याय नसेल तर रिक्रूटरला मेल करा, पण खोटं भरू नका. पुढे पडताळणीत तेच अंगाशी येतं.