दुचाकी कर्जावर घ्यावी की पैसे साठवून?

प्रश्न: सिडकोतून सातपूर एमआयडीसीत कामाला जातो. रिक्षाला महिना २,००० जातात. गाडी ९०,००० ची, हातात ३०,००० आहेत. कर्ज काढू की थांबू?

उत्तर: व्याज घटत्या शिलकीवर, म्हणजे फक्त उरलेल्या मुद्दलावर, असेल तर कर्ज काढा. ६०,००० रुपये, वार्षिक १२ टक्के म्हणजे महिना १ टक्का, २४ हप्ते धरू. मोबाइलवरच्या शीटमध्ये हे टाका:

```
=PMT(1%,24,-60000)
```

हप्ता सुमारे २,८२४ येतो. एकूण व्याज साधारण ७,८००.

तेवढेच दरमहा बाजूला टाकले तर ६०,००० जमायला जवळपास २१ महिने लागतील. पेट्रोल-सर्व्हिसिंगला १,२०० धरले तरी रिक्षापेक्षा महिना ८०० वाचतात, म्हणजे त्या काळात १६,८००. व्याज भरूनही तुम्ही पुढेच.

पण शोरूममध्ये ‘१२ टक्के फ्लॅट’ म्हणाले तर सावध व्हा. त्यात फेडलेल्या मुद्दलावरही शेवटपर्यंत व्याज लागतं: व्याज १४,४००, हप्ता ३,१००. घटत्या शिलकीच्या हिशेबाने हा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. वर प्रोसेसिंग फी आणि विमा धरला की फायदा जवळजवळ संपतो. मग थांबलेलं बरं.

ओळखायला सोपं आहे. दर विचारू नका, हप्ता विचारा, २४ ने गुणा आणि ६०,००० वजा करा. उरेल ते व्याज: ७,८०० च्या आसपास असेल तर घ्या, १४,४०० कडे गेलं तर थांबा.