‘प्रभारी’ लिहावं की ‘हंगामी’? आणि ‘सर्व अधिकार’ लिहावं का?

प्रश्न : आमच्या अंधेरीच्या ऑफिसातल्या मॅनेजर मॅडम पंधरा दिवस रजेवर जाताहेत. चार्ज माझ्याकडे देताहेत आणि नोट मलाच मराठीत करायला सांगितली आहे. ‘त्यांच्या अनुपस्थितीत हंगामी व्यवस्थापक म्हणून सर्व अधिकार श्री. अमुक यांच्याकडे राहतील’ हे बरोबर आहे का? की ‘कार्यकारी’ हवं?

‘प्रभारी’ लिहा, आणि ‘सर्व अधिकार’ काढून टाका.

‘हंगामी’ म्हटलं की खुर्ची रिकामी आहे असा भास होतो. विधानसभेचा हंगामी अध्यक्ष नवा अध्यक्ष निवडला जाईपर्यंतच असतो. तुमच्या मॅडमचं पद मात्र भरलेलंच आहे, त्या फक्त रजेवर आहेत. ‘कार्यकारी’ हा शब्द पदाच्या नावातच बसलेला असतो, जसा कार्यकारी अभियंता, त्यामुळे तात्पुरतेपणा त्यातून कळतच नाही. ‘प्रभारी’ म्हणजे ज्याच्याकडे कार्यभार आहे तो, आपल्या बोलीत ज्याने चार्ज घेतलाय तो. तुम्हाला हवं आहे ते एवढंच.

खरा घोळ ‘पंधरा दिवस’मध्ये आहे. आपण ‘आठ दिवसांनी ये’ म्हणतो तेव्हा पुढच्या आठवड्याचा तोच वार असतो, म्हणजे दिवस सातच. तसेच पंधरा दिवसही बहुधा चौदा असतात. रजा सोमवार, ३ तारखेपासून असेल, तर ती रविवारी १६ ला संपते की सोमवारी १७ ला? १७ ला सकाळी आलेल्या बिलावर सही कोणाची, हा वाद त्यातूनच निघतो. म्हणून नोटेत दिवस मोजू नका, तारखा घाला आणि शेवटची तारीख धरायची की नाही तेही लिहा. मॅडम लवकर परतल्या तर त्या रुजू होताच तुमचा कार्यभार संपतो. रजा वाढली तर मात्र तो आपोआप वाढत नाही, नवी नोट लागते.

आता ‘सर्व अधिकार’ऐवजी लिहायच्या मर्यादा. ‘रु. २५,०००पर्यंत खर्चाचे अधिकार’ असं नुसतं लिहिलंत तर एक उदाहरण बघा. एसी बंद पडला, दुरुस्तीचा अंदाज ३८,०००. मेकॅनिक म्हणतो, ‘साहेब, १९,०००ची दोन बिलं करतो.’ दोन्ही बिलं मर्यादेत बसतात आणि नोट हतबल होते. ‘एका कामासाठी, करांसह एकूण रु. २५,०००पेक्षा जास्त नाही. एकाच कामाची देयके विभागता येणार नाहीत’ असं लिहिलं की पळवाट बुजते. मंजुरी आणि पैसे देणं हेही वेगळं ठेवा. चेकवर सही करण्याचा हक्क तुमच्या नोटेने मिळत नाही. बँकेकडे ज्यांच्या सह्या नोंदलेल्या आहेत त्यांच्याच सह्या बँक पाहते.

‘विचारून करावे’ हे शब्दही धोक्याचे. विचारलं, उत्तर आलं नाही, मग काय? ‘सल्ल्याने’ लिहिलं तर मत घ्यायचं, पण निर्णय तुमचा. ‘पूर्वपरवानगीने’ लिहिलं तर होकार आल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. तुमच्याकडे दोन्ही प्रकारची कामं असतील, ती मिसळू नका. मसुदा साधारण असा :

‘व्यवस्थापक दि. ३ ते दि. १६ (दोन्ही दिवस धरून) रजेवर असल्याने श्री. अ. ब. क., वरिष्ठ सहायक, हे आपले काम सांभाळून या काळात प्रभारी व्यवस्थापक म्हणून दैनंदिन कामकाज पाहतील. कर्मचाऱ्यांची तीन दिवसांपर्यंतची किरकोळ रजा आणि एका कामासाठी करांसह एकूण रु. २५,०००पर्यंतचा दुरुस्ती-खर्च ते मंजूर करू शकतील. एकाच कामाची देयके विभागता येणार नाहीत. नवी नेमणूक, शिस्तभंगाची कारवाई आणि नवे करार मुख्यालयाच्या लेखी पूर्वपरवानगीनेच होतील. स्वतःची रजा व स्वतःची देयके ते मंजूर करणार नाहीत. हे अधिकार त्यांना दुसऱ्याकडे सोपवता येणार नाहीत.’

शेवटचं वाक्य गाळू नका. तुम्हीच तापाने झोपलात तर चार्ज तुम्ही शेजारच्या टेबलाला देऊ शकत नाही. पर्यायी नाव मॅडमनीच नोटेत लिहून ठेवायचं. नोटेखाली सहीही त्यांचीच हवी. मसुदा तुमचा असला तरी स्वतःला अधिकार स्वतः कसे देणार?

राहिली तुमची सही. स्वतः निर्णय घेतला असेल तर नावाखाली ‘प्रभारी व्यवस्थापक’ लिहा. मॅडमनी जाण्याआधीच मंजूर केलेलं पत्र नुसतं पाठवायचं असेल तर ‘करिता, व्यवस्थापक’ पुरे, आणि फाइलवर त्यांच्या मंजुरीची तारीख दिसली पाहिजे. त्यांच्या लॉगिनवरून मात्र काही करू नका. तिथे नाव त्यांचं उमटतं आणि ही सगळी नोट कुचकामी ठरते.