पाणमोट दरवेळी धो धो फुटत नाही

"ताई, मला चौतिसावा आठवडा चालू आहे. कालपासून खालून थोडं थोडं पाणी येऊन राहिलं. कळा नाहीत. सासूबाई म्हणतात लघवी असेल. थांबून पाहू का?"

थांबू नका, आजच दाखवा. असं का म्हणते, ते मे महिन्यात माझ्याकडे आलेल्या एका बाईंवरून सांगते. त्यांचा तेहतिसावा आठवडा होता. नागपूरचं ऊन, त्यामुळे दोन दिवस त्यांना तो घामच वाटला, मग लघवी. सकाळपासून तीनदा परकर बदलला होता.

मी विचारलं, "खोकताना, शिंकतानाच येतं की नुसतं बसल्यावरही?" त्या म्हणाल्या, "बसल्यावरही. आवळून धरलं तरी थांबत नाही." लघवी सहसा जोर पडला की निसटते, मग थांबते आणि तिला उग्र वास असतो. अंगावरून जाणारं पांढरं दाटसर, चिकट असतं, पाण्यासारखं वाहत नाही.

मी त्यांना लघवी करून यायला सांगितलं, कोरडा पांढरा पॅड दिला आणि अर्धा तास कुशीवर झोपवलं. त्या उठून उभ्या राहिल्या आणि पॅड भिजला. रंग नाही, लघवीचा वासही नाही. झोपल्यावर पाणी योनीत साचतं आणि उभं राहिलं की बाहेर येतं. पाणमोट, म्हणजे बाळाभोवतीची पाण्याची पिशवी, वरच्या बाजूला फाटली आणि बाळाचं डोकं खाली बुचासारखं बसलं, की लोंढा येत नाही, नुसतं झिरपतं. फसगत होते ती इथेच.

पण पॅड कोरडा राहिला म्हणून निश्चिंत होऊ नका. खात्री दवाखान्यातच होते. तिथे डॉक्टरांनी स्पेक्युलम, म्हणजे योनी उघडून आत पाहायचं साधन, लावून पाहिलं, तर आत पाणी साचलेलं होतं आणि खोकायला सांगितल्यावर गर्भाशयाच्या तोंडातून आणखी आलं. लिटमस कागद निळा झाला. मात्र रक्ताने, वीर्याने किंवा जंतुसंसर्गानेही तो निळा होऊ शकतो, म्हणून एकट्या कागदावर भिस्त ठेवत नाहीत. कळा नसताना बोटाने तपासणंही त्यांनी टाळलं, कारण त्याने जंतू वर जाण्याची भीती वाढते. त्यांना भरती करून अँटिबायोटिक आणि बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टिरॉइडची इंजेक्शनं दिली. नवव्या दिवशी बाळंतपण झालं. बाळ काही दिवस काचेत होतं, आता घरी आहे.

तुमचेही 37 आठवडे भरलेले नाहीत, म्हणून घरी पॅड लावून वाट पाहण्यातही वेळ घालवू नका. पाणी हिरवट किंवा लालसर दिसलं, ताप आला, बाळाची हालचाल कमी वाटली, तर तडक 108 ला फोन करा. नागपुरात डागा रुग्णालय असो की मेडिकल कॉलेजचं, जवळ असेल तिथे जा. तोवर आत कापूस, बोट काही घालू नका, संबंधही नको. आणि भिजलेला पॅड धुऊ-फेकू नका, पिशवीत घालून सोबत न्या. डॉक्टरांना तो पाहायचा असतो.