‘किरकोळ बदल’ नको, ५,४२८ लिहा

प्रश्न : मी बेळगावचा. किराणा आणि भुसार दुकानांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर देतो. ६०० ग्राहक आहेत, वार्षिक प्लॅन ४,००० अधिक जीएसटी. तो आता ४,६०० करतोय. वाढीव पैशांतून १८,००० पगारावर सपोर्टला एक मुलगा ठेवायचा आहे. नोटिशीत मी लिहिलंय, “वाढत्या खर्चामुळे वार्षिक दरात किरकोळ बदल होत असून तो पुढील रिन्यूअलपासून लागू होईल.” भागीदार म्हणतो, एवढंच ठेव, आकडा दिलास की लोक बिथरतील. त्याचं ऐकू का?

उत्तर : नका ऐकू. आकडा लपवायचा म्हटलं तरी लपत नाही. तुमचे बरेच ग्राहक ऑटोपेवर असणार. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला रक्कम कळवावी लागते. म्हणजे वाढ त्याला कळणारच, पण तुमच्याकडून नाही, मोबाइलवरच्या मेसेजमधून. शिवाय तिथूनच तो ऑटोपे थांबवूही शकतो. माझ्या ऑफिसातल्या एका सॉफ्टवेअरबाबत हेच झालं. नोटीस मोघम होती, आकडा मेसेजमध्ये दिसला आणि मी ते त्याच दिवशी बंद केलं. दर परवडत नव्हता म्हणून नाही. त्या लोकांवरचा भरवसाच उडाला.

आता त्याहून महत्त्वाची गोष्ट. गेल्या वर्षी ग्राहकाने जीएसटीसकट ४,७२० भरले. यंदा ४,६०० वर १८ टक्के म्हणजे ८२८, एकूण ५,४२८. ऑटोपे घेताना मर्यादा ५,००० ची ठेवली असेल, तर ही रक्कम कापलीच जाणार नाही. १५,००० पर्यंत दर वेळी ओटीपी लागत नाही हे खरं, पण ग्राहकाने मंजूर केलेली मर्यादा ओलांडता येत नाही. ती वाढवायला त्याची नव्याने मंजुरी हवी. त्यामुळे नोटीस लिहिण्याआधी पेमेंट गेटवेमधून यादी काढा आणि ५,४२८ पेक्षा कमी मर्यादा असलेले ग्राहक वेगळे करा. त्यांच्या नोटिशीत मंजुरीची लिंक हवीच. नाहीतर व्हायचं काय, तर ऐन गर्दीत रविवार पेठेतल्या एखाद्या दुकानाचं बिलिंग बंद पडेल आणि चूक तुमची ठरेल.

नोटीस मी अशी लिहीन :

“तुमचा वार्षिक प्लॅन १२ सप्टेंबर २०२६ रोजी रिन्यू होईल. त्या दिवशी भरायची एकूण रक्कम ५,४२८ रुपये (प्लॅन ४,६०० + जीएसटी ८२८). गेल्या वर्षी तुम्ही ४,७२० भरले होते. ११ सप्टेंबरपर्यंत जादा काहीही द्यायचं नाही. प्लॅन पुढे नको असेल तर ९ सप्टेंबरपर्यंत कळवा, पैसे कापले जाणार नाहीत.”

कारण द्यायचंच तर एका ओळीत, खाली : सपोर्टला माणूस वाढवतोय. ‘किरकोळ’ काढून टाका. १५ टक्के वाढ किरकोळ नसते. तारीख प्रत्येकाची स्वतःची घाला, ‘पुढील रिन्यूअल’ नको, कारण आपलं रिन्यूअल कधी हे दुकानदाराच्या ध्यानात नसतं. महिना अक्षरांत लिहा, कन्नड मजकुरातसुद्धा. एकूण रक्कम आधी आणि फोड नंतर, कारण कंपोझिशनमधल्या दुकानदाराला ८२८ चं क्रेडिट मिळत नाही, त्याच्या खिशातून पूर्ण ५,४२८ जातात. गडहिंग्लज, चंदगडच्या ग्राहकांना वेगळा आकडा लागत नाही. बेळगावात ४१४ अधिक ४१४, तिकडे आयजीएसटी ८२८. बेरीज तीच.

सप्टेंबरात रिन्यूअल असलेल्यांना नोटीस जुलैअखेरीस पाठवा, आठवण सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात. १४ सप्टेंबरला गणेश चतुर्थी आहे, त्या गडबडीत दुकानदार मेसेज उघडणार नाही.

आता पगाराचं. वर्षाला २,१६,००० लागतील. सगळे ग्राहक टिकले तर वाढ ३,६०,००० ची. ३० जण गेले तर ५७० गुणिले ४,६०० म्हणजे २६,२२,००० येतील, आजच्या २४ लाखांपेक्षा २,२२,००० जास्त. पगार जेमतेम निघतो. ७९ जण गेले तर आजच्यापेक्षाही कमी. शिवाय ही वाढ एकदम येत नाही, रिन्यूअल पडतील तशी वर्षभर येते. ज्यांनी ऑगस्टमध्ये जुन्या दराने भरले, त्यांची वाढ पुढच्या ऑगस्टला. म्हणून दर वाढवा, पण मुलगा आजच ठेवू नका. सप्टेंबर ते नोव्हेंबरची रिन्यूअल होऊ द्या. शंभरातले पाचहून कमी गेले, तर डिसेंबरपासून त्याला बोलवा.